मुंग्यांचा सिनेमा

प्रश्न: व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायच्या काळात कुठला सिनेमा आणायचा यावरून तुमच्या घरी भांडणं व्हायची का? एखादा किस्सा सांगा ना.

व्हायची तर! पण लक्षात राहिलेलं भांडण एकच. ते माझं आणि आबांचं, म्हणजे आजोबांचं. साल १९९१, श्रावणातला शनिवार, गाव सांगली. मी दहा वर्षांचा, आबा पासष्टचे.

आमच्याकडे टीव्ही होता, पण कॅसेट लावायचं मशीन, म्हणजे व्हीसीपी, नव्हता. तो व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी आणायचा. संध्याकाळी सहाला न्यायचा आणि सकाळी दहाच्या आत परत द्यायचा. कॅसेटचे पैसे वेगळे. पप्पांनी मोजून पैसे दिले होते आणि वर दम दिला होता, "एकच सिनेमा. दोन आणलेत तर दुसरा शेजारी जाऊन बघायचा." व्हीसीपी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणायचा म्हणून आबा बरोबर.

लायब्ररी म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारचा दहा बाय आठचा गाळा. कॅसेटच्या डब्यांवर बॉलपेनने लिहिलेले नंबर, आणि नावं बघायला एक जाडजूड वही. मी वही उघडलीसुद्धा नाही. थेट म्हणालो, "काका, धडाकेबाज."

आबा चष्मा पुसत म्हणाले, "संत तुकाराम आहे का हो? प्रभातचा?"

मालकाने दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "एक की दोन?"

"एकच," आबा म्हणाले.

"धडाकेबाज," मी म्हणालो.

आता सांगायला हवं की धडाकेबाज येऊन वर्ष झालं होतं आणि वर्गात तो न पाहिलेला मी बहुधा एकटाच उरलो होतो. लक्ष्या बाटलीत! बोटाएवढा लक्ष्या बाटलीतून बोलतो आणि मोठा लक्ष्या बाहेर बसून ऐकतो. मधल्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. मी आबांना हे सगळं तिथेच उभं राहून समजावलं.

आबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच? अरे, छत्तीस साली गरुड आला होता. खरा वाटावा असा. त्याच्यावर बसून तुकोबा वैकुंठाला गेले, डोळ्यांदेखत. माणूस बाटलीत घालायचं काय कौतुक?"

"आबा, तो ब्लॅक अँड व्हाइट असतो."

"मग? देव काय रंगीत बघायचाय तुला?"

"त्यात मारामारी आहे का?"

आबा जरा थांबले. मला वाटलं, जिंकलो. मालक तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाची वहीत नोंद करायला लागला होता, तो कान आमच्याकडेच ठेवून.

"आहे," आबा म्हणाले. "तुकोबांची बायको चप्पल घेऊन देवळात जाते."

"कुणाला मारायला?"

"विठोबाला."

मी आबांकडे बघतच राहिलो. आमच्या घरी देवाकडे पाय करून झोपलं तरी आजी उठवायची. आणि इथे सिनेमात विठोबाला चप्पल? आणि तो सिनेमा आबा, दर एकादशीला भजनाला जाणारे आबा, स्वतः मागतायत?

"खरंच मारते?"

"ते बघायला कॅसेट आणावी लागेल," आबा म्हणाले. मी हरलो. इतक्या सहज हरल्याचं आजही वाईट वाटतं.

मालकाने खालच्या फळीवरून डबा काढला. फुंकर मारून धूळ उडवली. तिथेच मला शंका यायला हवी होती, पण दहा वर्षांच्या पोराला कुठलं कळतंय. पुढे मामाच्या दुकानात हाताखाली काम केलं तेव्हा समजलं की जी कॅसेट कुणी नेत नाही ती पावसाळ्यात सगळ्यात आधी खराब होते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडा बघायच्या. टेप काळी, चकचकीत असली तर ठीक. पिठी साखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला, कुबट वास आला, तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नसते, कारण बुरशी टेप वाचणाऱ्या आतल्या फिरत्या हेडला चिकटते आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागते. धडाकेबाज रोज कुणीतरी न्यायचं, त्यामुळे ती स्वच्छ. तुकाराम महिनोन् महिने फळीवर पडून.

जेवणं लवकर उरकली. व्हीसीपीची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचून चॅनल लावण्यात पप्पांची पंधरा मिनिटं गेली. मग आबा पुढे पाटावर बसले, मी त्यांना टेकून, आजी वाती वळत मागे. सुरुवात झकास झाली. आबा मधूनमधून माहिती पुरवत होते. हे विष्णुपंत पागनीस. हे आधी नाटकात बायकांची कामं करायचे. दामले-फत्तेलालांनी हा सिनेमा पुण्यात काढला. मुंबईत एकाच थेटरात वर्षाहून जास्त चालला. मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो, "चप्पल कधी?"

अर्ध्या तासाने पडद्याच्या तळाशी पांढरी रेघ आली. पप्पांनी ट्रॅकिंगचं बटण फिरवलं. रेघ वर सरकली. आणखी फिरवलं, रेघा दोन झाल्या. मग चित्र फिकट होत गेलं आणि बघता बघता सगळ्या पडद्यावर मुंग्या आल्या. नुसत्या वळवळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या.

पण आवाज चालू होता. अगदी स्वच्छ.

याचंही कारण नंतर कळलं. व्हीएचएसमध्ये चित्र वाचणारी हेडं एका फिरत्या ड्रमवर असतात आणि ती इतकी बारीक की बुरशीचा कण बसला तरी आंधळी होतात. आवाज टेपच्या कडेला एका अरुंद पट्टीत असतो. तो वाचणारं हेड वेगळं, एका जागी स्थिर, ते असल्या कचऱ्याला सहसा दाद देत नाही. म्हणून चित्र गेलं तरी माणसं बोलत राहतात. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. पप्पांनी टीव्हीला दोन थपडा दिल्या, आईने "बंद करा, जळेल काहीतरी" म्हटलं आणि मी रडायच्या बेतात.

"मी म्हणत होतो धडाकेबाज आणू या!"

"गप," आबा म्हणाले. "राहू दे चालू. ऐक."

पडद्यावर मुंग्या. आतून एका बाईचा चढलेला आवाज. आबा पुढे सरकले, जणू त्यांना दिसतच होतं. "ही निघाली बघ. पोरगं आजारी आहे, घरात दाणा नाही, आणि नवरा भजनात. पोराला ओढत देवळात चाललीय. आता हातात चप्पल घेतली."

"उगारली?"

"उगारली. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा. बोलतोय कशाला तो! आता बघ कशी शिव्या घालते."

आणि ती घालत होती. मुंग्यांमधून, खणखणीत. आजी वाती सोडून ऐकायला लागली. "बरोबर बोलतीय की बाई," ती हळूच म्हणाली. आबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

असा आम्ही उरलेला सगळा सिनेमा पाहिला. वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि वर आल्या. कीर्तनात शिवाजी महाराज बसलेत, त्यांना धरायला शत्रू आलेत, आणि बघतात तर प्रत्येक माणूस शिवाजी महाराज! "एक नाही, अख्खी सभा," आबा मुंग्यांवर बोट फिरवत म्हणाले, "हा, हा, हा आणि हा मागचासुद्धा." मी त्या बोटामागे बघत होतो आणि शपथेवर सांगतो, मला दिसत होते. मध्येच 'आधी बीज एकले' लागलं तेव्हा आबांनी डोळे मिटून साथ धरली. गाणं संपल्यावर म्हणाले, "तुकोबांचा अभंग आहे. पाठ कर." शेवटी गरुड आला. आबांचा गरुड आमच्या अख्ख्या गल्लीएवढा होता. त्याच्या पंखांच्या वाऱ्याने देहूची झाडं वाकली होती.

सकाळी व्हीसीपी परत द्यायला गेलो तर मालकाने उलट आमच्यावरच ओरडायला सुरुवात केली. हेड साफ करायचे पैसे द्या म्हणाला. आबांनी कॅसेट खिडकीकडून त्याच्या नाकासमोर धरली आणि फक्त एवढं विचारलं, "ही पांढरी साय कुणाच्या घरची?" मालक गप्प बसला. झाकण उघडून त्याने स्पिरिट लावलेला कोरा कागद ड्रमवर टेकवला आणि दुसऱ्या हाताने ड्रम हळूहळू फिरवला. कागद वर-खाली हलवायचा नाही, हेड तुटतं. कागदावर तपकिरी डाग उतरले. पैसे त्याने घेतले नाहीत, उलट पुढच्या शनिवारी धडाकेबाज फुकट दिला. तो सिनेमास्कोप असल्याने टीव्हीवर कडेची माणसं अर्धी कापलेली, पण मला काय त्याचं. आबा बाटलीतल्या लक्ष्यावर जाम हसले. मधेच एकदा म्हणाले, "बाटली मोठी बांधली असणार रे," आणि पुढचा सगळा वेळ ती कशी बांधली असेल याचाच विचार करत बसले.

पुढे सीडी आल्या तेव्हा मी संत तुकाराम विकत आणला आणि आबांबरोबर पहिल्यांदा चित्रासकट पाहिला. गरुड बराच लहान निघाला. झाडं वाकल्याचं काही मला दिसलं नाही. आबांना तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "टीव्ही लहान आहे तुझा."

त्याच सुमारास वाचनात आलं की 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाहीच. ते सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलं आणि इतकं जमलं की भलेभले त्याला तुकोबांचा अभंग समजले. हे मी जेवताना आबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुपारी कपाटातून गाथा काढली, चष्म्यावर भिंग धरून बसले. दोन दिवस शोधत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाथा मिटली, लाल फडक्यात बांधली आणि मला म्हणाले,

"ही प्रत अपुरी आहे. दुसरी आण."