‘फी परत मिळणार नाही’ ही ओळ किती टिकते?

प्रश्न : मी फोंड्याला मुलांना हार्मोनियम शिकवते. शाळेतली नोकरी सोडली, आता हेच काम. गेल्या खेपेला सहा महिन्यांचे ९,६०० रुपये एकदम घेतले होते. ४८ वर्ग, तुकडीत आठच मुलं. एका मुलाने तीन वर्ग केले आणि फुटबॉलसाठी पेटी सोडली. आठव्या वर्गापासून त्याच्या जागी एक मुलगी आली, तिच्याकडून उरलेल्या वर्गांचेच पैसे घेतले. आता मुलाचे वडील सगळी फी मागताहेत, नाहीतर ग्राहक मंचात जाईन म्हणतात. पावतीच्या मागे ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं आहे. ते पुरेसं नाही का? पुढच्या महिन्यात नवीन कोर्स जाहीर करायचा आहे. अभ्यासक्रम, मुदत, फी परतीची अट आणि एक मोफत नमुना वर्ग असं सगळं त्यात हवं. मोफत म्हटलं की येतो सांगून लोक येत नाहीत, म्हणून शंभर रुपये नोंदणी घेणार आहे. काय लिहू?

उत्तर : बाई, नाही पुरेसं. त्या वडिलांचंही सगळं बरोबर नाही, पण आधी तुमच्या पावतीकडे बघू.

पावती कधी हातात पडते? पैसे दिल्यावर. म्हणजे तुमचा करार आधी झाला आणि अट मागून आली, तीही कागदाच्या पाठीवर. पैसे देताना जी अट समोरच्याला दाखवलीच नव्हती, ती त्याने मान्य केली असं म्हणणं अवघड आहे. हे वाक्य तुमच्या मूळ जाहिरातीत किंवा प्रवेशाच्या फॉर्मवर असतं आणि त्याखाली वडिलांची सही असती, तर तुमची बाजू थोडी बरी झाली असती. थोडीच. कारण सही असली तरी पुढे भारतीय करार कायद्याचं कलम ७४ उभं राहतं. करार मोडणाऱ्याकडून किती घ्यायचं हे आधी लिहून ठेवलेलं असलं तरी न्यायालय त्या आकड्यापर्यंत ‘वाजवी’ भरपाईच देतं. जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते दाखवावं लागतं, आणि नुकसानच नसेल तर रक्कम जप्त करून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका जमिनीच्या लिलावातल्या अनामत रकमेबाबत स्पष्ट केलं आहे.

तुमचं नुकसान मोजता येतं, आणि मोजलं की वाद अर्धा मिटतो. ९,६०० भागिले ४८, म्हणजे एका वर्गाचे २०० रुपये. मुलाने तीन वर्ग केले, त्याचे ६००. चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा असे चार वर्ग त्याची जागा रिकामी राहिली, त्याचे ८००. आठव्या वर्गापासून ती मुलगी आली, तिने ४१ वर्गांचे ८,२०० दिले. ६०० अधिक ८०० अधिक ८,२००, बेरीज बरोबर ९,६०० होते. म्हणजे त्या एका जागेची पूर्ण फी तुम्हाला मिळालेली आहे. मुलाचे १,४०० ठेवा आणि ८,२०० परत करा. सगळे ठेवलेत तर एकाच जागेचे ४१ वर्ग तुम्ही दोनदा विकलेत असं ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ते म्हणतात त्या मंचासमोर, दिसेल, आणि त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही.

वडिलांना मात्र संपूर्ण रक्कम मागता येत नाही. मुलगा स्वतःच्या इच्छेने गेला, तुमच्या शिकवण्यात खोट नव्हती. तुम्ही वेळ बदलली असती, किंवा स्वतः शिकवीन असं सांगून दुसऱ्या कुणाला बसवलं असतं, तर हे १,४०० सुद्धा ठेवा असं मी म्हटलं नसतं.

आता त्यांच्या धमकीबद्दल. बरेच शिक्षक मला सांगतात, “मी काही संस्था नाही, एकटी शिकवते, मला तो कायदा कुठला?” ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दातून दोनच गोष्टी वगळल्या आहेत. एक फुकट दिलेली सेवा, दुसरी मालक आणि नोकर या नात्यातली चाकरी. तुम्ही त्या वडिलांच्या नोकर नाही, त्यामुळे दुसरा अपवाद तुम्हाला लागत नाही. शाळा-कॉलेजांचं शिक्षण ‘सेवा’ नाही असं न्यायालयं म्हणत आली आहेत, पण खासगी कोचिंग त्या सवलतीत बसत नाही, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये सांगितलं. (आम्हा वकिलांना सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या कायद्याबाहेर काढलं. हे तुम्हाला सांगताना थोडी लाज वाटते खरी.) फोंडा आता दक्षिण गोवा जिल्ह्यात येतो, म्हणून तक्रार मडगावच्या जिल्हा आयोगात जाईल. पालक म्हापशाला राहत असतील तर ते उत्तर गोव्याच्या आयोगातही जाऊ शकतात, कारण तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लागतोच असं नाही. तेव्हा ८,२०० रुपयांसाठी कोण एवढं करील, या भरवशावर राहू नका. दोन वर्षांची मुदत त्यांच्या हातात आहे.

आता जाहिरात. कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत, आणि नृत्य, नाट्य यांसारखे कलाप्रकार त्यातून वगळले आहेत. आठ मुलांच्या पेटीच्या वर्गाला ती लागू नाहीत. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची मूळ कायद्यातली व्याख्या विद्यार्थ्यांची संख्या विचारत नाही. खोटं वर्णन आणि खोटी हमी तर त्यात येतेच, महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणंही येतं.

तुमच्या बाबतीत लपण्यासारखी महत्त्वाची माहिती म्हणजे पेटी. घरी रियाजाला स्वतःची पेटी लागणार असेल तर ते जाहिरातीतच लिहा. पालक फी बघून ठरवतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला कळतं की आणखी काही हजारांची पेटी घ्यायची आहे. असे पालकच पुढे फी परत मागतात.

अभ्यासक्रम लिहिताना तुम्ही काय शिकवणार ते लिहा, मूल काय होणार ते नको. ‘दहा अलंकार, भूप आणि दुर्गा या रागांतली एकेक गत, एका भजनाची साथ’ हे पाळता येतं आणि पाळलं की नाही ते तपासताही येतं. ‘सहा महिन्यांत प्रवेशिका प्रथम हमखास’ हे नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा मंडळ घेतं, निकाल तुमच्या हातात नाही. परीक्षेची तयारी करून घेणार असाल तर तसं म्हणा, आणि परीक्षा फी वेगळी हे त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. खाली बारीक टीप टाकून वरचा दावा फिरवता येत नाही. याच प्राधिकरणाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे, टीप दाव्याच्याच भाषेत हवी हेही आहे. म्हणून वर मराठी आणि खाली इंग्रजी अटी असं करू नका.

मुदत महिन्यांत लिहू नका, वर्गांत लिहा. जूनमध्ये सुरू केलेत की चवथ मध्ये येते, आणि त्या आठवड्यात फोंड्यात कोण वर्गाला येणार? ‘सहा महिने’ लिहून ४३ वर्ग झाले तर उरलेल्या पाचांचे हजार रुपये पालकाचे आहेत. ‘४८ वर्ग, प्रत्येकी एक तास, साधारण सात महिन्यांत’ असं लिहिलं की सुट्ट्यांवरून भांडण होत नाही.

नमुना वर्गाला शंभर रुपये घेतले की तो मोफत राहत नाही. ‘मोफत’ म्हटल्यावर यायचा-जायचा खर्च यासारखं टाळता न येणारं काही सोडून ग्राहकाकडून पैसे घेता येत नाहीत. लोक येत नाहीत ही अडचण खरी आहे, तर तो शब्द सोडा आणि ‘नमुना वर्ग, १०० रुपये, प्रवेश घेतल्यास फीतून वजा’ असं सरळ लिहा. मोफतच ठेवायचा असेल तर त्या दिवशी वर्गातच फी घेऊ नका, घरी जाऊन ठरवू द्या. आणखी एक: फुकट वर्ग ‘सेवा’ नसला तरी तिथे तुम्ही जे दाखवता ते पालक कोर्सबद्दलचं आश्वासन धरतात. नमुना वर्गात तबल्याची साथ ठेवलीत आणि कोर्सभर ती नसेल, तर तिथेच सांगून टाका.

फी परतीची अट मी अशी लिहीन:

“फी दर आठ वर्गांना १,६०० रुपये, त्या आठ वर्गांच्या सुरुवातीला. पहिल्या वर्गाआधी प्रवेश रद्द केल्यास भरलेली सर्व रक्कम परत. मध्येच सोडल्यास, कळवल्यानंतरच्या चार वर्गांपर्यंतची फी द्यावी लागेल. जागा त्याआधी भरल्यास तितके वर्ग कमी धरले जातील. उरलेली रक्कम दहा दिवसांत परत. शिक्षिकेने रद्द केलेला वर्ग पंधरा दिवसांत भरून दिला जाईल, नाहीतर त्याचे २०० रुपये परत.”

चार वर्गांचा आकडा हवेतला नाही. गेल्या खेपेला तुमची जागा भरायला तेवढेच वर्ग लागले होते, आणि कुणी विचारलं तर तो अनुभव दाखवता येईल. दहा दिवसांची मुदत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२४ च्या कोचिंगविषयक सूचनांतून घेतली आहे. मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. त्या सूचनाही मोठ्या केंद्रांसाठीच आहेत, पण वाजवी काय याचा मापदंड म्हणून आयोगासमोर ठेवायला बऱ्या. मुख्य म्हणजे आठ-आठ वर्गांची फी. सहा महिन्यांचे एकदम घेणं बंद केलंत की वाद झाला तरी १,६०० च्या आतच राहतो.

ही अट जाहिरातीत छापा आणि प्रवेशाच्या फॉर्मवर घेऊन खाली आई किंवा वडिलांची सही घ्या. मुलाची नको, मुलाच्या नावाने पावतीही नको. अठराच्या आतल्या मुलाशी केलेला करार मुळातच शून्य असतो, आणि मग अट लावणार कोणाला?

नवीन जाहिरात छापण्याआधी जुनं मिटवा. वडिलांना वरचा हिशेब लिहून पाठवा, ८,२०० त्यांच्या खात्यावर टाका, रोख देऊ नका. आणि त्यांच्याकडून एवढं लिहून घ्या: “माझ्या मुलाच्या हार्मोनियम वर्गाच्या फीपोटी ८,२०० रुपये परत मिळाले. या बाबतीत माझं काही येणं राहिलेलं नाही.” लिहून द्यायला ते तयार नसतील तरी पैसे पाठवाच. पुढे तक्रार झाली तर उरलेल्या १,४०० वरच बोलावं लागेल, आणि त्यासाठी तुमचं हजेरीपत्रक पुरेसं आहे. ते जपून ठेवलंय ना, तेवढं एकदा बघा.