परिपाठाची प्रार्थना: पहिल्यांदा लिहिताना

ताई, शाळेतल्या सगळ्या धर्मांच्या मुलांना म्हणता येईल अशी प्रार्थना लिहायची, तर चारच ओळी लिहा. पहिलीतलं मूल आठवड्यात पाठ म्हणू शकलं पाहिजे.

नवे शिक्षक बहुधा राम, अल्ला, येशू, बुद्ध अशी सगळी नावं एका ओळीत गुंफतात. हेतू चांगला असतो, पण कोणीतरी सुटतंच आणि काही घरांना दुसऱ्या धर्मातलं नाव प्रार्थनेत उच्चारणं पटत नाही. मग नुसतं ‘हे ईश्वरा’ म्हणावं, तर बौद्ध आणि जैन घरांत जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत. म्हणून कोणाकडे काही मागूच नका. मुलांनी दिवसाचा संकल्प म्हणावा. उदाहरणार्थ:

आज आम्ही नीट ऐकू, खरे बोलू.
कोणाला समजले नाही, तर मदत करू.
कोणी एकटे असेल, तर जवळ बसवू.
ज्यांनी डबा दिला, वर्ग झाडला, त्यांचे आभार मानू.

यानंतर दहा-बारा सेकंद शांतता ठेवा. त्यात ज्याला आपल्या देवाचं नाव घ्यायचंय, तो मनात घेईल. ही शांतता घाईत गाळू नका, माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची.

आणखी एक, हात जोडण्याची सक्ती नको. सरळ उभं राहिलं तरी पुरे. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. कोणी ओठ मिटून उभं असेल, तर सगळ्यांसमोर टोकू नका. कोणती ओळ अडते, ते नंतर एकट्याला विचारा आणि ती बदला.