बारा बारचा हिशोब आणि मधला गंधार : वाचकांचे प्रश्न

"ए, डी, ई तिन्ही कॉर्ड येतात, पण ब्लूजचे बारा बार मोजताना दर वेळी मधेच हरवतो. काय करू?"

मोजू नका, गाण्याची ओळ ऐका. हिशोब असा: पहिले 4 बार ए, मग 2 डी, 2 ए, मग एक ई, एक डी आणि शेवटचे 2 ए. प्रत्येक बार चार बीटचा, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन समजा. आता शब्द बघा. ब्लूजमध्ये एक ओळ म्हणतात, तीच परत म्हणतात, मग तिसरी ओळ उत्तर देते. दुसऱ्यांदा तीच ओळ सुरू झाली की तुम्ही पाचव्या बारवर, डीवर असायला हवेत, आणि उत्तराची ओळ आली की नवव्यावर, ईवर. ओळ साधारण सव्वादोन-अडीच बारमध्ये संपते, उरलेली जागा गिटारने उत्तर द्यायला असते आणि नवशिके नेमके तिथेच हरवतात, कारण गायक गप्प झाला की यांची मोजणीही गप्प. तोंडाने ओळ म्हणत फक्त कॉर्ड वाजवा. तरी हरवलात तर रेकॉर्ड करून सरांना ऐकवा, चूक कुठल्या बारला होते ते त्यांना लगेच कळेल.

एक सांगून ठेवतो, जॉन ली हूकर ऐकून बार मोजायला जाऊ नका. तो एकटा वाजवायचा तेव्हा मनाला येईल तिथे कॉर्ड बदलायचा.

"रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला होता ना?"

नाही. ही कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगायचे.

"ॲपमध्ये ब्लूज स्केल शिकलो, त्यात ई फ्लॅट हाच ब्लू नोट असं दिलंय. सगळं बरोबर वाजवतो तरी ब्लूज वाटत नाही."

हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता वैताग येतो. पाच सुरांत एक सूर टाकून 'ब्लूज स्केल' म्हणून विकायचं सोपं असतं, चौकटीत बसतं, कोर्स खपतो. ई फ्लॅट, म्हणजे ए हा सा धरला तर तीव्र मध्यम, हाही ब्लू नोट आहे, नाही असं नाही. पण ब्लूजचा जीव गंधारात आहे आणि तो गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या गळ्यातून तो आला, शेतातल्या हाकांमधून, आणि गळ्याला पट्ट्या नसतात. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी 1910 च्या दशकात हे सूर कागदावर उतरवले तेव्हा नोटेशनमध्ये मधली खूण नव्हती, म्हणून फ्लॅट लिहिलं. तुमचं ॲप तो कागद वाचतंय.

आता गिटार घ्या. जी तारेवर पाचवा फ्रेट म्हणजे सी, सहावा म्हणजे सी शार्प. पाचव्यावर पहिलं बोट ठेवा आणि तार जराशीच खाली ओढा. मग सहावा फ्रेट वाजवून ताडून बघा: तुमचा ओढलेला सूर त्याच्या खालीच राहायला हवा, बरोबर सी शार्पला पोचला तर जास्त ओढलीत, गोड वाटेल पण ब्लूज जाईल. आणि हे ए कॉर्डवर. कॉर्ड डी सेव्हन झाली की त्यात सी मुळातच आहे, तिथे तार न ओढता सरळ वाजवा. एकच फ्रेट, कॉर्ड बदलली की सूर वेगळा, हे कुठली चौकट दाखवणार? महिनोन् महिने ॲपवर घालवण्यापेक्षा गुरूसमोर बसून सूर तपासून घ्या, आपल्याच कानाला सवय झाली की चूकही बरोबर वाटते.

"हार्मोनियमवर निघेल का हा सूर?"

नाही. पियानोवाले कोमल आणि शुद्ध पट्ट्या घसटून एकदम दाबतात, ते जमतं का बघा.

"कॉर्ड त्याच, मग रॉक अँड रोल वेगळं कसं?"

ठेका बदलला. ब्लूजमध्ये बीटचे दोन भाग असमान, पहिला लांब, दुसरा आखूड, त्याला शफल म्हणतात. 1955 मध्ये न्यू ऑर्लिन्सला लिटल रिचर्डच्या मागे ड्रमवर अर्ल पामर होता, रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ समान ठोके द्यायचा आणि पामर शफल सोडून त्याच्यासोबत सरळ वाजवायला लागला. चक बेरीने बूगी पियानोच्या डाव्या हाताची चाल गिटारच्या खालच्या तारांवर आणली, म्हणजे ए आणि ई एकत्र, मग ई च्या जागी एफ शार्प, परत ई. त्याचं 1958 चं 'जॉनी बी. गुड' हेडफोन लावून ऐका, गिटार जवळपास सरळ चाललंय आणि ड्रम अजून झुलतोय, दोघांची ही ओढाताण म्हणजेच त्या गाण्याची मजा. नवव्या-दहाव्या बारला तो पाचवी कॉर्डच, म्हणजे आपल्या हिशोबातली ई, धरून ठेवतो, चौथीवर, म्हणजे डीवर, उतरत नाही, म्हणून वर दिलेला हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नका. आणि तो मधला गंधार त्याच्या सोलोमध्ये दोन तारा एकदम ओढून येतो.

"तार ओढून मनगट दुखतं, सवय होईल ना?"

थांबा आधी. नेटवरच्या 'दुखलं तरी वाजवा' वाल्यांचं ऐकू नका. जोर बोटाचा नाही, मनगट फिरवून लावायचा आणि पातळ, 9 नंबरचा सेट घालून बघा. बोटाची कातडी दुखणं वेगळं, मनगट किंवा कोपर आठवड्याने पण दुखत असेल तर गिटार ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.