सर्दीला ॲझिथ्रोची पट्टी का देत नाहीत?

प्रश्न: «आज सर्दीचा तिसरा दिवस. नाक चोंदलंय, घसा दुखतोय, शेंबूड हिरवा यायला लागलाय. मेडिकलमध्ये ॲझिथ्रो ५०० ची तीन गोळ्यांची पट्टी मागितली, तर ‘व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही’ म्हणून दिली नाही. मागच्या वर्षी याच गोळ्यांनी मी तीन दिवसांत खडखडीत बरा झालो होतो. मग ती चालली कशी?»

मी फार्मासिस्ट आहे आणि पावसाळा सुरू झाला की हे बोलणं काउंटरवर रोज होतं. तुमच्या मेडिकलवाल्याने बरोबर केलं, पण एका वाक्यात तुमचं समाधान झालं नाही हेही साहजिक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती गोळी पोटात गेल्यावर काय करते ते पाहू. बॅक्टेरिया ही स्वतंत्र जिवंत पेशी असते. तिला जगायला आणि वाढायला प्रथिनं लागतात आणि ती बनवायला तिच्या आत रायबोसोम नावाची बारीक यंत्रं असतात. ॲझिथ्रोमायसिन जाऊन त्या रायबोसोमच्या मोठ्या भागाला चिकटतं, प्रथिन बनायचं थांबतं आणि बॅक्टेरियाची वाढ खुंटते. आपल्या पेशींमध्येही रायबोसोम आहेत, पण त्यांची घडण वेगळी असल्यामुळे औषध त्यांना धरत नाही. म्हणून तर ते आपण पोटात घेऊ शकतो. अमॉक्सिसिलिनची तऱ्हा वेगळी आहे. बॅक्टेरियाभोवती एक चिवट भिंत असते, ती विणण्याचं कामच हे औषध बंद पाडतं. आपल्या पेशींना अशी भिंत नसते.

सर्दीच्या व्हायरसकडे यातलं काहीच नाही. सर्दी बहुतेक वेळा रायनोव्हायरसमुळे होते. हा म्हणजे जनुकीय मजकुराचा एक धागा आणि त्याच्यावर प्रथिनांचं कवच, एवढंच. रायबोसोम नाही, भिंत नाही. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून पिल्लं त्याच्याकडून वाढवून घेते, तसा हा नाकातल्या आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच रायबोसोमकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. ॲझिथ्रो जिथे चिकटतं ती जागा व्हायरसमध्ये नाहीच, आणि तो जी यंत्रं वापरतो ती आपली, ज्यांना हे औषध हात लावत नाही. त्यामुळे ५०० ऐवजी हजार मिलिग्रॅम घेतलं किंवा ‘जरा स्ट्राँग’ म्हणून सेफिक्सिम घेतलं, तरी सर्दीत फरक पडत नाही.

व्हायरसवर औषधं असतात, नाहीत असं नाही. फ्लूवर ओसेल्टामिवीर आहे, पण ते फ्लूच्याच व्हायरससाठी बनवलेलं आहे. रायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांच्यावर वापरात असलेलं एकही औषध नाही.

आता मागच्या वर्षीचं. साध्या सर्दीचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि पुढे उतरत जातो. सात ते दहा दिवसांत बहुतेक जण बरे होतात, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. समजा, सोमवारी तुमचं नाक गळायला लागलं. मंगळवार अंगावर काढलात. बुधवारी अगदीच सहन होईना म्हणून मेडिकलमध्ये गेलात. बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा तीन गोळ्या झाल्या आणि शनिवारी मोकळं वाटलं. शनिवार हा सर्दीचा सहावा दिवस. गोळी घेतली नसती तरी त्या सुमाराला मोकळं वाटणारच होतं. माणूस मेडिकलची पायरी चढतो तेव्हा सर्दी कळसाला पोचलेली असते, त्यामुळे त्या दिवशी घेतलेल्या कुठल्याही गोळीला श्रेय मिळतं.

शेंबडाच्या हिरव्या रंगाबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. संसर्गाशी लढायला नाकात पांढऱ्या पेशी येतात. त्यांच्यातलं एक एन्झाइम मुळातच हिरवं असतं, त्याचाच रंग शेंबडाला चढतो. व्हायरसच्या सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा होतो. नुसत्या रंगावरून बॅक्टेरिया झाला म्हणता येत नाही.

‘उपयोग नाही तर नाही, घ्यायला काय हरकत आहे?’ हा पुढचा प्रश्न असतो. हरकत आहे. जुलाब, मळमळ होते. हृदयाच्या ठोक्यांचा विकार असलेल्यांना ॲझिथ्रोने धोका होऊ शकतो. शिवाय हे औषध शरीरात फार रेंगाळतं. तीन गोळ्या संपल्यावरही बरेच दिवस थोडं थोडं उरतं. तेवढ्यात घशातले निरुपद्रवी बॅक्टेरिया त्याला सरावतात. बेल्जियममध्ये निरोगी माणसांना ॲझिथ्रो देऊन पाहिलं, तर त्यांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये वाढलेला प्रतिकार सहा महिन्यांनीही टिकून होता. आपल्याकडे टायफॉइडला सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुतेकदा लागू पडत नाही. पोटातून द्यायच्या ज्या मोजक्या गोळ्या उरल्या आहेत, त्यांत ॲझिथ्रो आहे. ती सर्दीवर वाया घालवायची नाही, म्हणून मी हट्टाने नाही म्हणतो.

घरी असलेली पट्टी उलटून पाहा. एका कडेला उभी लाल रेघ दिसेल. ही रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. सेफिक्सिमसारखी काही अँटिबायोटिक्स २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. ती देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावे लागतात आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं.

मग तुम्ही घ्यायचं काय? अंग दुखत असेल, कणकण असेल तर पॅरासिटामॉल ५००, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. नाकाला सलाइनचे थेंब, घशाला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सर्दीची तयार गोळी घेणार असाल तर तिच्या मागचा मजकूर वाचा. बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो. त्यातल्या क्लोरफेनिरामिनने झोप येते, घेऊन गाडी चालवू नका. फिनाइलेफ्रिनमुळे बीपी वाढू शकतं, बीपीची गोळी चालू असेल तर काउंटरवर तसं सांगा. आणि हीच जोडी असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने तशी सूचना लेबलवर छापायला लावली आहे.

कधीकधी सर्दीच्या पाठीवर खरोखरच बॅक्टेरिया येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून पुन्हा ताप भरला, दहा दिवस उलटूनही नाक तसंच आहे, गालाच्या हाडापाशी किंवा एका कानात ठणका लागलाय, किंवा खोकला-सर्दी नसताना ताप आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, तर डॉक्टरांना दाखवा. तीन दिवसांहून जास्त ताप राहिला तरी दाखवा. मधुमेह, दमा, गरोदरपण असेल किंवा घरातलं म्हातारं माणूस आजारी असेल तर एवढंही थांबू नका. दम लागत असेल तर त्याच दिवशी जा. लहान मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त भरले, तर मेडिकलकडे न येता सरळ दवाखाना गाठा.