सिएटलचे अकरा आणि आपले साडेअकरा

ताई, मी अंबाजोगाईला राहते आणि घरूनच वेबसाइट डिझाइनची कामे करते. ऑगस्टमध्ये पहिला परदेशी क्लायंट मिळाला, तो सिएटलचा आहे. आठवड्यातून तीनदा रात्री साडेअकराला कॉल असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी मी वेळेवर बसले, सव्वाबारापर्यंत वाट पाहिली, तो आलाच नाही. सकाळी त्याचाच मेल, ‘तुम्ही कॉलला आला नाहीत.’ तेव्हापासून तो तुटक बोलतो. आई म्हणते, हे जागरण सोडून दे. काय करू?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

त्या रात्री तोही वेळेवरच आला होता. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा मागे घेतात. आपल्याकडे असे काही होत नसल्यामुळे ऑगस्टमध्ये तुमच्यात असलेले साडेबारा तासांचे अंतर त्या रविवारी साडेतेरा तासांचे झाले. त्याच्या घड्याळात सकाळचे अकराच वाजले, पण तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे साडेबारा झाले होते, म्हणजे तू उठून गेल्यावर पंधराच मिनिटांनी तो कॉलवर आला. हे त्याला आजच दोन ओळींत कळव. लांबलचक माफी मागू नकोस. भारतात घड्याळ बदलत नाही, हे त्याच्याही लक्षात आले नसेल. कारण सांग आणि पुढची व्यवस्था सांग, कारण तुटकपणा बहुधा ‘ही मुलगी न सांगता गैरहजर राहिली’ या समजातूनच आला आहे.

व्यवस्था अशी की, गुगल कॅलेंडरमध्ये कॉलची नोंद करताना टाइम झोन सिएटलचा, म्हणजे पॅसिफिक, निवडायचा आणि आमंत्रण त्यालाही पाठवायचे. भारतीय वेळेने नोंद केलीस, तर तुझे साडेअकरा तसेच राहतील आणि हिवाळ्यात त्याच्याकडे मात्र दहाच वाजलेले असतील. पॅसिफिक वेळेने केलीस, तर तुझ्या फोनवरची वेळ आपोआप सरकेल. तारखेचीही काळजी घे. आपण बोलताना ‘सोमवारी रात्री साडेबारा’ म्हणतो, पण कॅलेंडरच्या लेखी तो मंगळवार असतो.

तरीही माझ्या मते खरा प्रश्न कॉल मध्यरात्री का, हाच आहे. पहिला क्लायंट म्हणून त्याने सांगितलेली वेळ तू मान्य केलीस, हे मी समजू शकते. पण दिवसभराच्या कामानंतर डोळ्यांवर झोप असताना माणूस ‘हो, करून देते’ फार लवकर म्हणतो. ऑगस्टमध्ये ठरलेली पानांची यादी काढ आणि त्यानंतर कॉलवर तोंडी कबूल केलेली कामे तिच्याशेजारी लिहून बघ. एखादे जादा पान, लोगोत ‘छोटासा’ बदल, मोबाइलसाठी वेगळी मांडणी असे काही त्यात सापडले, तर जागरणाची किंमत तुझ्या बिलातूनच जाते आहे. यापुढे प्रत्येक कॉलनंतर काय ठरले आणि त्यातले जादा काम कोणते, हे झोपून उठल्यावर मेलने कळव आणि त्याचा होकार आल्याशिवाय त्या जादा कामाला हात लावू नकोस.

आता वेळेचे बघू. तुझे सकाळचे सहा म्हणजे सिएटलला आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार. मार्चनंतर तेच साडेपाच होतील. दोन्ही वेळा त्याच्या कामाच्या दिवसात सहज बसतात. म्हणून त्याला सुचव की, आठवड्यातून एकच कॉल त्याच्या सोमवारी, म्हणजे आपल्या मंगळवारी सकाळी, ठेवू या. उरलेल्या दोन कॉलऐवजी पाचेक मिनिटांचे स्क्रीन रेकॉर्डिंग पाठव आणि त्याखाली दोन-तीनच प्रश्न विचार. ‘कसे वाटले?’ असे मोघम विचारलेस, तर उत्तरासाठी पुन्हा कॉल होईल. ‘वरचा फोटो ठेवायचा की काढायचा?’ याला तो एका शब्दात उत्तर देऊ शकतो. तू संध्याकाळी पाठवलेले रेकॉर्डिंग त्याला कामाला बसताच दिसेल आणि तू सकाळी उठेपर्यंत त्याचे उत्तर येऊ शकेल. आपल्याकडे पाच-सहा दिवसांआड पहाटे नळाला पाणी येते, त्या दिवशी घरात आवाज आणि धावपळ असते, तेव्हा तो दिवस मंगळवारी येणार असेल तर कॉल बुधवारी घे.

त्याला दुपार जमत नसेल, तर त्याचे सकाळचे आठ माग. ते सध्या आपले रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेआठ होतात. दोन्हींना नकार देऊन तो मध्यरात्रीवरच अडून बसला, तर हातातला टप्पा पूर्ण करून पैसे घे आणि पुढच्या टप्प्याच्या दरात रात्रीच्या कॉलचे तास वेगळे लाव.

आईला हे सगळे हिशेबासकट दाखव. तिचा आक्षेप जागरणाला आहे आणि तिथे तिचे बरोबर आहे. काम सोडण्याचा निर्णय मात्र त्याच्या उत्तराची वाट न पाहता घेऊ नकोस.

– तुझी ताई