हँडलवर मोबाइल आणि चार्जर: वायरिंग आणि कॅमेरा कसा सांभाळाल

प्रश्न: बाइकच्या हँडलला मोबाइल होल्डर आणि यूएसबी चार्जर लावून नकाशा बघत जायचं आहे. वायरिंग जळू नये, मोबाइलचा कॅमेरा खराब होऊ नये, असं कसं बसवू?

उत्तर:

आधी कॅमेऱ्याचं बोलतो, कारण वायर पुन्हा ओढता येते, कॅमेऱ्याला मात्र नवा मॉड्यूलच लागतो. ज्या मोबाइलमध्ये ओआयएस, म्हणजे हात हलला तरी चित्र हलू न देणारी यंत्रणा आहे, त्याची लेन्स आत घट्ट बसवलेली नसते. चित्र स्थिर ठेवण्यासाठी ती चुंबकाच्या जोरावर सूक्ष्म सरकत असते. इंजिनाची थरथर हँडलमधून सतत तिच्यापर्यंत पोचली की ही यंत्रणा बिघडते. ॲपलने 2021 मध्ये आयफोनबाबत तसा इशाराच दिला होता.

म्हणून रबरी डॅम्पर असलेला होल्डर घ्या आणि तो हँडलच्या मध्यावर, क्लॅम्पच्या जवळ लावा. आरशाच्या दांड्यावर लावला तर थरथर वाढते. डॅम्परने ती कमी होते, पूर्ण जात नाही. ओआयएस नसलेला जुना मोबाइल घरात पडून असेल तर नकाशासाठी तोच उत्तम. बिघाड ओळखायला कॅमेरा सुरू करून लांबची पाटी बघा. मोबाइल टेबलावर टेकवूनही चित्र थरथरत असेल किंवा कॅमेऱ्यातून गुणगुण येत असेल, तर लेन्सची यंत्रणा गेली समजा.

आता वायरिंग. चार्जर थेट बॅटरीला जोडू नका. मोबाइल लावलेला नसतानाही काही चार्जर 10 मिलिअँपिअर खातात. उभ्या गाडीची 5 अँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्याने तीन आठवड्यांत संपते, आणि गाडी सुरू होणं त्याच्या बरंच आधी बंद होतं. त्यासाठी मध्ये चार पायांचा 12 व्होल्टचा रिले घाला, म्हणजे चावी फिरवल्यावरच चार्जरला करंट जोडणारा स्विच. त्याच्या पायांवर क्रमांक छापलेले असतात. बॅटरीच्या प्लसपासून वायर 3 अँपिअरच्या फ्यूजमधून पाय 30 ला, आणि 87 वरून चार्जरला. 85 अर्थला. 86 ला अशी वायर द्या जिच्यात चावी फिरवल्यावरच करंट येतो. टेस्टरने तपासून घ्या. 18 वॅटचा चार्जर सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे 3 चा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आतच हवा, नाहीतर बॅटरी आणि फ्यूजमधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तो तिला वाचवू शकत नाही. 86 साठी मूळ वायरवर दाबून बसवायची क्लिप वापरू नका. तिचं पातं तांब्याच्या तारा तोडतं आणि तिथून पाणी शिरतं. सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवा.

वायर टाकीखालून मूळ वायरिंगच्या सोबतीने आणा आणि हँडलच्या मानेपाशी सैल वळसा ठेवा. क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलला बांधू नका. शेवटी इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. चार्जिंग तुटलं तर वायर ताणतेय; इंजिनाचा आवाज आपोआप चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि सूचना इअरफोनवर ऐका. स्क्रीन सतत पूर्ण उजेडात चालू, त्यात चार्जिंग आणि वरून ऊन, यात मोबाइल तापून चार्जिंग थांबवतो. बंद प्लास्टिकच्या पाऊच होल्डरमध्ये तर लवकरच.