म्हापशात मोटरसायकल पायलट आहे. रोज 100 रुपये पिग्मीत टाकले तर वर्षाला किती जमतील, आणि पैसे सुरक्षित असतात का?

महिन्याला 26 दिवस धंदा धरला तर 2,600, वर्षाचे 31,200. व्याजावर फार भिस्त ठेवू नका. पहिल्या दिवसाच्या शंभरावर वर्षभराचं व्याज मिळतं, शेवटच्या शंभरावर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे सरासरी निम्म्या रकमेवरच धरा: दर समजा 3 टक्के असेल तर सुमारे 468 रुपये. पिग्मीचा खरा फायदा हा, की एजंट स्टँडवर येतो आणि नोट संध्याकाळपर्यंत खिशात उरत नाही.

मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, उलट थोडी रक्कम कापतात. पावसात पर्यटक नसतात, पैसे तेव्हाच लागणार. म्हणून मुदत जूनमध्ये संपेल असं खातं उघडा. मुदत संपली की लागेल तेवढं काढून बाकीची मुदत ठेव करा.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर खातं बँकेत आहे की पतसंस्थेत ते आधी बघा. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवींना व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही.

दुसरा धोका एजंटचा. माझ्या ओळखीच्या एका पायलटाला एजंट ‘उद्या नोंद करतो’ म्हणत राहिला, आणि पासबुकात तीन आठवडे कोरेच निघाले. पैसे दिल्याबरोबर मशीनची पावती किंवा एसएमएस घ्या, आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन शिल्लक स्वतः विचारा.